कॅल्क्युलेटर अंशांत राहिला म्हणून चुकलेली उत्तरे: अंश आणि रेडियन एकाच बटणावर कसे आले

इंजिनिअरिंगच्या संख्यात्मक पद्धतींच्या पेपरात cos x − x·eˣ = 0 हे समीकरण वर्षानुवर्षे येत आले आहे. 0 आणि 1 यांच्या दरम्यान त्याचे मूळ आहे, 0.5178. उत्तरपत्रिकांत मात्र 0.5671 हेही उत्तर दिसते आणि तेही नीट मांडणीसह: सूत्र बरोबर, टप्पे बरोबर, चार दशांश स्थळांपर्यंत स्थिरावलेले. चूक फक्त एवढीच की cos काढताना कॅल्क्युलेटर अंशांत होता.

0.5671 नेमके कुठून आले, हे सांगता येते. रेडियनमध्ये cos 0.5 ची किंमत 0.8776 आहे. अंशांच्या मोडमध्ये कॅल्क्युलेटर अर्ध्या अंशाचा cos काढतो आणि तो 0.99996 भरतो, म्हणजे जवळपास 1. 0 ते 1 या पट्ट्यात अंशांतला cos 1 वरून हलतच नाही. त्यामुळे विद्यार्थी प्रत्यक्षात x·eˣ = 1 हे समीकरण सोडवत असतो आणि त्याचे मूळ 0.5671 आहे.

न्यूटन-रॅफसनने x₀ = 0.5 घेऊन पाहू. रेडियनमध्ये f(0.5) = 0.0532 आणि f′(0.5) = −2.9525, म्हणून x₁ = 0.5180. अंशांत तेच f(0.5) = 0.1756 आणि f′(0.5) = −2.4818, म्हणून x₁ = 0.5708. तिथून दोन्हीकडची आकडेमोड भराभर स्थिरावते, एक खऱ्या मुळावर आणि दुसरी खोट्यावर. पद्धत अडखळत नाही, आकडे उड्या मारत नाहीत. f(0) आणि f(1) ची चिन्हे दोन्ही मोडमध्ये विरुद्धच येतात, त्यामुळे द्विभाजन पद्धतीतही शंका येत नाही. ताळा करायला 0.5671 त्याच कॅल्क्युलेटरवर समीकरणात परत टाकला, तर उत्तर शून्याच्या जवळच येते. ज्या यंत्राने चूक केली त्याच्याकडूनच तपासून घेतले की चूक सापडत नाही, हे या प्रकरणातले सर्वांत धोक्याचे अंग आहे.

एकाच बटणामागे दोन मोजमापे का बसली, याचे उत्तर दोन वेगळ्या कामांत आहे. अंश आकाश मोजणाऱ्यांचे. वर्तुळाचे 360 भाग आणि प्रत्येक भागाच्या 60 कला ही बाबिलोनच्या साठाच्या गणनेतून आलेली व्यवस्था ग्रीक ज्योतिषात पक्की झाली आणि तिथून पुढे सगळीकडे गेली. सर्वेक्षण, नौकानयन, नकाशे ही सारी कामे अंशांतच चालतात आणि त्यात काही वावगे नाही.

दुसरे मोजमाप कंसाची लांबी त्रिज्येच्याच एककात मोजण्याचे. त्याचा एक फार जुना आणि स्वच्छ नमुना आर्यभटाच्या ज्यासारणीत सापडतो. ज्या म्हणजे त्रिज्येने गुणलेला sin. त्याने 499 साली दिलेल्या सारणीत 24 ज्यांमधले फरक आहेत. ते मिळवत गेले की पहिली ज्या 225 येते आणि शेवटची, म्हणजे त्रिज्या, 3438. हा 3438 आकडा उगाच आलेला नाही. पूर्ण परिघाच्या 21600 कला होतात. त्यांना 2π ने भागले की 3437.75 येतात. म्हणजे कंस आणि ज्या दोन्ही कलांतच मोजल्या आहेत आणि 225 कलांच्या लहान कंसाची ज्याही 225 च आहे. लहान कोनासाठी sin x ≈ x हा नियम इथे आकड्यांत उभा आहे. रेडियन हा शब्द नव्हता, पण रेडियनचे काम होत होते. पुढे केरळात माधवाच्या परंपरेने ज्येची अनंत श्रेणी मांडली, तीही कंस आणि त्रिज्या एकाच मापात धरूनच जमते.

युरोपात कलनशास्त्र आले तेव्हा हीच गरज उभी राहिली. sin x चा विकलज cos x येतो तो x रेडियनमध्ये असेल तरच; अंशांत घेतला तर त्याला π/180, म्हणजे 0.01745, हा गुणक चिकटतो आणि प्रत्येक विकलनागणिक पुन्हा चिकटतो. रॉजर कोट्सने या एककाचे महत्त्व ओळखले होते. त्याच्या मृत्यूनंतर 1722 मध्ये छापलेल्या ग्रंथात एका रेडियनएवढ्या कोनाची किंमत सुमारे 57.295 अंश दिली आहे. ‘रेडियन’ हे नाव मात्र खूप उशिरा, 1873 मध्ये, जेम्स थॉमसनने बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजातल्या प्रश्नपत्रिकेत छापले.

तरीही शंभर वर्षे हा घोटाळा आजच्या रूपात होत नव्हता, कारण किंमती छापील कोष्टकांतून काढल्या जात. शाळा-कॉलेजांतल्या नेहमीच्या कोष्टकांत रकाने अंश आणि मिनिटांचे असत. x = 0.5 आले की आधी त्याचे 28 अंश 39 मिनिटे करावेच लागे, तेव्हा कुठे ओळ सापडे. एकक डोळ्यांसमोर असे.

1972 मध्ये हेवलेट-पॅकार्डचा HP-35 हा खिशात मावणारा पहिला वैज्ञानिक कॅल्क्युलेटर आला, तोही फक्त अंशांत चाले. रेडियन असतील तर माणूस 180/π ने गुणून घेई. पुढच्याच वर्षी HP-45 मध्ये अंश, रेडियन आणि ग्रेड असे तीन मोड आले. सोय मोठी होती, पण एकक कागदावरून उठून यंत्राच्या स्मृतीत गेले. आजची चूक जन्मली ती इथे, असे आमचे मत आहे.

आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या Casio fx-991ES मध्ये पडद्याच्या वरच्या पट्टीत बारीक D किंवा R दिसतो. SHIFT MODE दाबून 4 निवडले की रेडियन, 3 निवडले की अंश. परीक्षेआधी SHIFT 9 3 = करून सगळे पुसले, की यंत्र मुकाट्याने अंशांवर परत जाते. रेडियन लावून ठेवला होता, या भरवशावर राहिलेले विद्यार्थी इथेच फसतात.

मोड ओळखायला पट्टी वाचण्यापेक्षा एक आकडा काढणे खात्रीचे. cos 1 दाबा: 0.5403 आले तर रेडियन, 0.9998 आले तर अंश. संशयित उत्तरातही खुणा सापडतात. sin किंवा tan मध्ये लहान कोन असेल आणि किंमत अपेक्षेच्या सुमारे 57 पट लहान आली, तर दोष मोडचाच. cos मध्ये ही खूण मिळत नाही; तिथे पद नुसते 1 होऊन गायब होते. म्हणूनच वरच्या समीकरणातली चूक इतकी लपते.

उलट बाजूची चूक संगणकावर होते. एक्सेलमध्ये =SIN(30) लिहिले की −0.988 येते, कारण तिथे कोन नेहमी रेडियनच धरला जातो, 0.5 हवे तर =SIN(RADIANS(30)) लिहावे लागते. fx-991ES वरही एकक राशीतच लिहिता येते: आकड्यानंतर SHIFT Ans दाबून 2 निवडले की त्याला r चे चिन्ह लागते आणि यंत्र कुठल्याही मोडमध्ये असले तरी तो आकडा रेडियनच धरला जातो. cos(0.5ʳ) असे लिहिले की अंशांच्या मोडमध्येही 0.8776 च येते.