हंगामी धंद्यात दोन आकड्यांची सरासरी का फसवते

“सुरुवातीचा आणि अखेरचा स्टॉक मिळवून दोनने भागला की सरासरी स्टॉक मिळतो ना?”

साठा वर्षभर साधारण सारखा असेल तर मिळतो. हंगामी धंद्यात मात्र नाही. तिथे वर्षअखेर अनेकदा हंगाम संपल्यावर, गोदाम रिकामं असताना येते. त्यामुळे हे दोन्ही आकडे वर्षातल्या सर्वात कमी साठ्याचे असतात.

लोकरीच्या कपड्यांचं दुकान घ्या. विकलेल्या मालाची खरेदी किंमत 60 लाख, सुरुवातीचा स्टॉक 4 लाख, अखेरचा 6 लाख. सरासरी 5 लाख. 60 ला 5 ने भागलं की 12, म्हणजे माल वर्षात 12 वेळा विकून पुन्हा भरला गेला, म्हणजेच फिरला, साधारण 30 दिवसांत एकदा. आता महिनाअखेरीचे आकडे लाखांत पाहा: 4, 6, 10, 16, 24, 30, 32, 28, 18, 10, 7, 6. त्यात सुरुवातीचे 4 मिळवले की 13 आकड्यांची बेरीज 195 आणि सरासरी 15 लाख. माल फिरला फक्त 4 वेळा, म्हणजे सुमारे 91 दिवसांत एकदा. पहिल्या हिशेबावर विसंबून उधारीची मुदत ठरवली, तर पैसे मालात अडकलेले असतानाच देणी उभी राहतात.

महिनाअखेरीचा स्टॉक खरेदी किमतीनेच धरा आणि ज्याला भागायचं तिथे विकलेल्या मालाच्या खरेदी किमतीऐवजी विक्रीचा आकडा घेऊ नका. नफा मिसळला की वेग उगाच वाढलेला दिसतो. एका महिन्याची अखेर आणि पुढच्याची सुरुवात हा एकच आकडा आहे, तो दोनदा मोजला जातो, ही चूक फार होते. माल 5 तारखेला येऊन 25 पर्यंत संपत असेल, तर महिनाअखेरही तो दाखवणार नाही. तिथे आठवड्याचे आकडे घ्यावे लागतात.