पिनकोडचे पहिले तीन आकडे बघून डिलिव्हरीचे झोन पाडू नका

वाघोलीचा पिन आहे 412207 आणि महाबळेश्वरचा 412806. पहिले तीन आकडे दोन्हीकडे तेच. पुण्यातून घरगुती मसाले, चटण्या असलं काही विकणारा माणूस वाघोलीला आपल्याच रायडरला दुपारी पाठवतो, आणि महाबळेश्वरचं पार्सल कुरियरने जातं, घाट चढून, दोन-तीन दिवसांनी पोचतं. खर्चात जवळपास तिप्पट फरक. पण महिन्याच्या शेवटी ऑर्डरची शीट उघडून खर्च कुठे होतोय हे बघायला बसलं की बहुतेक जण पहिल्यांदा करतात काय, तर `LEFT` लावून पिनचे पहिले तीन आकडे काढतात आणि त्यावर पिव्होट टाकतात. सोपं आहे, दोन मिनिटांत होतं, आणि चुकीचं उत्तर देतं.

का चुकतं ते समजायला पिनकोड कशासाठी बनला ते बघायला लागेल. १५ ऑगस्ट १९७२ ला ही पद्धत सुरू झाली, ती बसवली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी, केंद्रात दळणवळण खात्यात मोठे अधिकारी आणि त्याच वेळी संस्कृतचे कवी. तेव्हा अडचण अशी होती की एकाच नावाची गावं देशात कितीतरी, पत्ते वेगवेगळ्या भाषांत आणि लिप्यांत लिहिलेले, आणि टपाल छाटणाऱ्या माणसाला पत्र कुठल्या पिशवीत टाकायचं ते पटकन कळायला हवं. म्हणून पहिला आकडा देशातला मोठा विभाग सांगतो (९ हा सैन्याच्या टपालासाठी), दुसरा त्यातला उपविभाग, तिसरा छाटणीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन आकडे म्हणजे पत्र वाटणारं पोस्ट ऑफिस. म्हणजे पहिल्या तीन आकड्यांत टपालाच्या पिशव्यांचा मार्ग आहे. तुमच्या गोदामापासूनचं अंतर त्यात नाही, कुरियरचा रेट तर नाहीच नाही.

म्हणूनच 410 मध्ये पनवेल (410206) पण येतं, लोणावळा (410401) पण आणि जुन्नर (410502) पण. 415 मध्ये कराड (415110) आणि रत्नागिरी (415612), मध्ये अख्खा सह्याद्री. उलटं पण होतं, ठाणं आणि नवी मुंबईचा बराचसा भाग 400 मध्ये आहे पण डोंबिवली 421201, खारघर 410210, आणि कुरियरच्या रेटकार्डात हे सगळं बहुतेक वेळा एकाच खान्यात असतं.

मग करायचं काय, तर एक वेगळी शीट घ्यायची, तिला `zones` नाव द्यायचं, आणि त्यात एका ओळीत एक पिन आणि त्याचा झोन, बस. ह्यालाच मॅपिंग टेबल म्हणतात. झोन तुम्ही ठरवायचा आणि ठरवताना प्रश्न एकच विचारायचा, इथे माल कसा जातो आणि साधारण किती पैसे लागतात. ज्या पिनांचं उत्तर सारखं ते एका झोनमध्ये, मग नकाशावर ते शेजारी असोत नसोत.

```
pin      zone
411038   शहर
412207   कडेला
412308   कडेला
412806   लांब
400601   मुंबई पट्टा
410210   मुंबई पट्टा
```

देशात एकोणीस हजारांच्या आसपास पिन आहेत, ते सगळे भरायची काहीच गरज नाही, ज्या पिनला तुमची ऑर्डर कधीतरी गेलीय तेवढेच भरा. लहान धंद्यात शे-दोनशे निघतात, एका दुपारचं काम. पुढे ऑर्डरच्या शीटमध्ये एक नवीन कॉलम आणि त्यात हा फॉर्म्युला (पिन C कॉलममध्ये आहे असं धरून):

```
=XLOOKUP(C2, zones!A:A, zones!B:B, "मॅप नाही")
```

जुन्या एक्सेलमध्ये XLOOKUP नसेल तर VLOOKUP चालतो पण शेवटी `FALSE` लिहायला विसरू नका, नाहीतर तो अंदाजे जुळणी करतो, म्हणजे टेबलात नसलेल्या पिनला दुसऱ्याच कुठल्यातरी पिनचा झोन चिकटवून देतो आणि कुठे लाल खूण पण दिसत नाही.

आता हिशोब. समजा कोथरूडमधून एका महिन्यात ६०० ऑर्डर गेल्या. त्यातल्या ६० ऑर्डर 412 ने सुरू होणाऱ्या पिनच्या आणि त्यांचा डिलिव्हरी खर्च ३,९०० रुपये. तीन आकड्यांवर पिव्होट टाकला की सरासरी दिसते ६५ रुपये, आणि माणूस म्हणतो ठीक आहे, ६५ घेऊया. पण तेच मॅपिंग टेबलने फोडलं तर वाघोली-फुरसुंगीकडच्या ४४ ऑर्डर, प्रत्येकी ४५ प्रमाणे १,९८०, आणि महाबळेश्वर-वाई-भोरकडच्या १६ ऑर्डर, प्रत्येकी १२० प्रमाणे १,९२०. म्हणजे ६५ रुपये प्रत्यक्षात एकाही ऑर्डरला लागले नाहीत! वाघोलीच्या गिऱ्हाईकाकडून २० रुपये जास्त घेतले आणि महाबळेश्वरच्या प्रत्येक पार्सलवर ५५ रुपये पदरचे घातले.

पूर्ण महिन्याचं चित्र मग असं येतं. शहरात ३१० ऑर्डर, खर्च १२,४००, म्हणजे ऑर्डरमागे ४०. कडेला ४४ ऑर्डर, १,९८०, म्हणजे ४५. मुंबई पट्ट्यात १५० ऑर्डर, १०,५००, म्हणजे ७०. आणि लांब ९६ ऑर्डर, १२,०००, म्हणजे १२५. दर सहा-सव्वासहा ऑर्डरींत एक लांबची, पण डिलिव्हरीच्या पैशातला जवळपास तिसरा हिस्सा तीच खाते, आणि मोफत डिलिव्हरीची मर्यादा सगळीकडे एकच ठेवायची की लांबसाठी वेगळी, ह्याचं उत्तर ह्या चार ओळींत आहे. ह्यासाठी पिव्होट नको असेल तर दोन फॉर्म्युले पुरतात, एक मोजायला एक बेरजेला (झोन D मध्ये, खर्च E मध्ये):

```
=COUNTIFS(D:D, "लांब")
=SUMIFS(E:E, D:D, "लांब")
```

इथे एक गोष्ट फार लोकांची चुकते म्हणून सांगतो. एकूण सरासरी काढताना चार झोनच्या सरासऱ्या बेरीज करून चारने भागायचं नाही. ४०, ४५, ७०, १२५ ची सरासरी ७० येते. पण खरा खर्च ३६,८८० आणि ऑर्डर ६००, भागाकार ६१ रुपये ४७ पैसे. ७० धरून पुढच्या ६०० ऑर्डरचं बजेट केलं तर पाच हजारांवर रुपये उगाच जास्त धरले जातात, कारण ४४ ऑर्डरवाल्या झोनला ३१० वाल्याइतकंच वजन मिळालं. आधी दोन्ही बेरजा, मग भागाकार.

आता ज्यात जास्त वेळ जातो ते, म्हणजे पिन जुळत का नाहीत. डोळ्याला 411038 दिसतंय, टेबलात पण 411038 आहे, तरी "मॅप नाही". बहुतेक वेळा एका शीटमध्ये तो आकडा आहे आणि दुसरीत मजकूर, आणि XLOOKUP ला हे दोन वेगळे. गंमत म्हणजे `COUNTIF` ला ते सारखेच वाटतात. त्यामुळे COUNTIF म्हणतो सापडला आणि XLOOKUP म्हणतो नाही सापडला असं झालं की दुसरीकडे शोधायची गरजच नाही, रोग तोच. दोन्हीकडे मजकूर करून टाका, पिनची बेरीज-वजाबाकी कोणी करत नाही. शिवाय लोक 411 038 असं मध्ये जागा सोडून लिहितात, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेत असाल तर ४११०३८ असं देवनागरीत पण येतं, आणि एक्सेलच्या जुळणीत हे 411038 नाही. जागा ह्या फॉर्म्युल्याने जाते आणि पिन मजकूर पण होतो, देवनागरी आकडे मात्र शोधून बदलायला लागतात:

```
=SUBSTITUTE(C2, " ", "")
```

"मॅप नाही" ही ओळ लपवू नका आणि तिला "इतर" म्हणून लांबमध्ये पण ढकलू नका. ती रिपोर्टात पाचवी ओळ म्हणून दिसू द्या, दर महिन्याला तिथले पिन बघा, नवीन असतील तर टेबलात घाला, चुकीचे असतील तर गिऱ्हाईकाला विचारा. पिनमध्ये टायपिंगची चूक पकडणारा आकडा नसतो, त्यामुळे एक आकडा चुकून दुसराच खरा पिन तयार झाला तर तो गुपचूप दुसऱ्या झोनमध्ये जाऊन बसतो. गावाचं नाव सोबत तपासलं तरच तो सापडतो.

दुसरा धोका मोठा आहे. टपाल खात्याची पिनकोड डिरेक्टरी सरकारच्या ओपन डेटा साइटवर मिळते, जिल्ह्यासकट, आणि वाटतं तीच उचलून मॅपिंग टेबल करावं. पण तिच्यात ओळ पोस्ट ऑफिसाची असते, पिनची नाही. दीड लाखाहून जास्त पोस्ट ऑफिसं आणि पिन एकोणीस हजार, म्हणजे एकेक पिन सरासरी आठ वेळा आलेला. XLOOKUP पहिली ओळ उचलतो म्हणून तिथे कळत पण नाही, पण पॉवर क्वेरीत मर्ज करून टेबल उघडलं किंवा डेटाबेसमध्ये जॉइन केलं की एक ऑर्डर आठ ओळींची होते आणि खर्च पण आठपट दिसतो. म्हणून डिरेक्टरीतून आधी पिन एकेकदाच राहील असं करा, आणि जोडणी झाल्यावर ओळी मोजा. आधी ६०० तर नंतर ६०० च, आणि सगळ्या झोनचा खर्च मिळून ३६,८८० च, मॅप न झालेले धरून. एक रुपया इकडेतिकडे असेल तर पुढे जाऊ नका.

झोन बरोबर पडलाय का हे पण तपासता येतं. प्रत्येक झोनचा सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त खर्च `MINIFS` आणि `MAXIFS` ने काढा. शहरात ३५ ते ५० असेल तर झोन एकजीव आहे. लांबमध्ये ८५ ते १९० निघाला तर ती १२५ ची सरासरी पण 412 च्या ६५ सारखीच आहे, आत दोन वेगळे झोन दडलेत, सातारा-सांगलीकडचा आणि नागपूर-चंद्रपूरकडचा. मग टेबलातल्या काही ओळींचं नाव बदलायचं, फॉर्म्युल्याला हात लावायचा नाही, रिपोर्ट आपोआप नवीन येतो. पण खूप बारीक पण करू नका, ज्या झोनला महिन्याला पाच-सहा ऑर्डर त्याची सरासरी एका जड पार्सलने उलटीपालटी होते.

आणि हे जे आपोआप होतं ना, त्यातच एक गोम आहे. समजा ऑक्टोबरपासून वाघोलीला रायडर रोजच जायला लागला म्हणून तुम्ही 412207 समोर "कडेला" खोडून "शहर" लिहिलं, तर एप्रिल-मेच्या ऑर्डरी पण त्याच क्षणी शहरात जातात आणि जुने रिपोर्ट बदलतात, मागच्या महिन्यात छापलेला आकडा आज जुळत नाही. म्हणून महिना संपला की त्या महिन्याचा झोनचा कॉलम कॉपी करून पेस्ट स्पेशलमधून फक्त व्हॅल्यू पेस्ट करा, आणि टेबलात तिसरा कॉलम ठेवा, हा झोन कुठल्या तारखेपासून.