कचरा डेपोची धुमसती आग

कचऱ्याच्या ढिगाच्या पोटात, वर ज्वाळा न दिसता, आठवडेच्या आठवडे चालणारे ज्वलन म्हणजे कचरा डेपोची धुमसती आग. खानदेशात तिचा हंगाम होळीपासून मृगाच्या पावसापर्यंतचा. पारा ४४-४५ अंशांवर जातो, वारा कोरडा होतो आणि जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या एखाद्या गावाबाहेरचा डेपो धुरकटू लागतो. पहिल्या दिवशी भडका उडतो, बंब येतो, भडका विझतो. धूर मात्र अक्षय्य तृतीयेपर्यंतही टिकतो.

याचे कारण म्हणून लोक ‘आत मिथेन पेटला’ एवढेच सांगतात. ते अर्धेच खरे आहे. भडका वायूचा असतो. आठवडे टिकणारी आग घन पदार्थाची असते. हा फरक कळला नाही की विझवण्याचे सगळे कष्ट चुकीच्या जागी खर्च होतात.

मिथेन तयार कसा होतो ते आधी पाहू. भाजीबाजारातला पाला, केळीची साले, उरलेले अन्न असा ओला कचरा ढिगात दबला की तिथली हवा काही दिवसांतच संपते. मग हवेविना जगणारे जिवाणू कामाला लागतात आणि काही महिन्यांत ढिगातून निम्म्याच्या आसपास मिथेन असलेला वायू निघू लागतो. बाकीचा बहुतांश कार्बन डायऑक्साइड असतो. ही निर्मिती वर्षानुवर्षे चालते. पण हवेत मिथेनचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के असेल तरच तो पेट घेतो. ढिगाच्या खोल भागात हवाच नसते, म्हणून तिथे तो पेटू शकत नाही. शिवाय तो आपोआप पेटायला ५०० अंशांहून जास्त तापमान लागते आणि जिवाणूंच्या उबेने ढीग फार तर ६०-७० अंशांपर्यंत तापतो. त्यामुळे ठिणगी बहुधा बाहेरूनच येते. हॉटेलच्या भट्टीची न विझलेली राख गाडीतून येते, तांब्यासाठी कोणी वायर जाळतो, कोणी विडी टाकतो, मोबाइलची फुटलेली बॅटरी दाबली जाते. खूप मोठ्या, खोल ढिगांत स्वतःहून तापत जाऊनही आग लागते, पण लहान डेपोंत ते विरळा.

ठिणगीने वरचे प्लॅस्टिक आणि फटींतून येणारा मिथेन पेटतो. तो भडका ओसरल्यावर खाली कागद, लाकूड, चिंध्या, नारळाच्या करवंट्या यांचा कोळसा झालेला असतो. त्याचा पृष्ठभाग ऑक्सिजन घेऊन थेट जळतो, ज्योत लागत नाही. राखेखाली ठेवलेली गोवरी सकाळपर्यंत निखारा राखते, तीच ही क्रिया. कापसाच्या जिनिंगमध्ये काम केलेल्यांना ती वेगळी सांगावी लागत नाही: गाठीला आग लागून वरून विझली, तरी ती गाठ बाजूला काढून उघडल्याशिवाय कोणी तिच्यावर विश्वास ठेवत नाही.

हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. तो १५-१६ टक्क्यांच्या खाली गेला की ज्योत मरते. धुमसणे मात्र १० टक्क्यांच्या आसपासही चालू राहते. भोवतीचा कोरडा कचरा आणि राख उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत, त्यामुळे आतला भाग ५०० अंशांपर्यंत आणि त्याहूनही वर तापलेला असू शकतो, तर वर हात ठेवला तर फक्त कोमट लागते. हवा थोडी मिळते म्हणून जळणेही सावकाश होते. समजा, ढीग ८ मीटर उंच आहे आणि आग पायथ्याच्या उतारातून आत शिरली. ती तासाला एक सेंटीमीटर सरकली तर दिवसाला २४ सेंटीमीटर होतात आणि ५ मीटर आत जायला तीन आठवडे लागतात. वाटेत ओला थर आला तर ती वळसा घेते आणि मुदत आणखी लांबते.

या काळात मिथेनचे काय होते? ७० अंशांच्या वर मिथेन करणारे जिवाणू मरतात, म्हणजे आगीच्या अगदी जवळ नवा मिथेन तयारच होत नाही. तो शेजारच्या ओल्या भागातून येतो, फटीपाशी हवेत मिसळतो आणि मधूनमधून निळसर ज्योत देऊन जातो. पावसाळ्यात मुरलेले पाणी एप्रिलमध्येही पोटात टिकून असते, वरची साल मात्र वाळून सरपण झालेली असते. वायू आणि सरपण एकाच वेळी हाताशी असणे, ही खानदेशी उन्हाळ्याची खरी अडचण आहे.

दुसरी अडचण मातीची. ढिगावर मातीचा थर देतात तो हवा तोडण्यासाठी. इथे सहज मिळते ती काळी कपाशीची माती. ती ओली असताना छान लिंपली जाते, पण उन्हात आक्रसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तापलेला वायू माथ्यावरच्या भेगांतून वर निघतो, त्याच्या ओढीने पायथ्याच्या भेगांतून ताजी हवा आत खेचली जाते. आग झाकण्यासाठी टाकलेल्या मातीनेच मग तिला धुराडे मिळते. या मातीत मुरूम मिसळून थर जाड द्यावा, दाबावा आणि ओला राखावा लागतो. नुसता एकदा पसरून भागत नाही.

बंबाच्या पाण्याचेही असेच. पाणी मोकळ्या वाटा धरून खाली उतरते. दाबलेल्या पिशव्यांखालच्या निखाऱ्याला ते शिवतही नाही. ज्याला शिवते तिथे वाफेचा लोट उठतो आणि पाहणाऱ्याला आग विझल्यासारखी वाटते.

आग आत आहे हे ओळखायला पहाटेची वेळ चांगली. नुसती वाफ काही हातांवर विरते. धूर निळसर असतो, खाली रेंगाळतो आणि त्याला जळक्या प्लॅस्टिकचा उग्र वास असतो. एखादी जागा अचानक खचते, कारण खालचे जळून पोकळी झालेली असते. अशा जागी पाय ठेवणे जिवावर बेतते. खात्रीसाठी लांब दांड्याचा तापमापक आत खुपसतात आणि कार्बन मोनॉक्साइड मोजतात. ढिगातल्या वायूत तो १००० पीपीएमच्या वर गेला तर आत जळते आहे असे धरतात.

मग ढीग उघडावाच लागतो. २ मार्च २०२३ रोजी कोचीच्या ब्रह्मपुरम डेपोला लागलेली आग विझायला जवळपास दोन आठवडे गेले. तिथेही यंत्रांनी कचरा उपसून आत पाणी सोडावे लागले. पद्धत अशी: आधी जळता भाग चर खणून बाकी ढिगापासून तोडायचा, मग पोकलेनने वाऱ्याच्या बाजूने थोडे थोडे उकरायचे. बकेट वर येते तेव्हा माल काळा, कोरडा, निपचित दिसतो. हवा लागताच त्याच्या कडा लाल होतात आणि क्षणात ज्योत धरते. म्हणून पाण्याचा पाइप आधीपासून तयार हवा. काढलेला माल मोकळ्या जागेवर हातभर जाडीत पसरून भिजवतात, उलटतात, पुन्हा भिजवतात. या वेळी सर्वांत जास्त धूर आणि विषारी वायू सुटतो, तेव्हा चालकाला साधा रुमाल पुरत नाही आणि कचरावेचकांना त्या दिवसांत डेपोवर येऊ देता कामा नये.

विझलेला माल तसाच परत ढिगात टाकला तर आठवड्याने तीच जागा धुमसते. तो वेगळा ठेवून रोज सकाळी तापमान घेतात. आकडा सलग काही दिवस भोवतीच्या कचऱ्याएवढाच आला, तरच तो दाबून वर माती देतात. तोवर त्या जागेशेजारी घंटागाडी रिकामी करत नाहीत.