तूट घटली, तरी कर्ज का वाढलं?

"सरकारने राजकोषीय तूट कमी केली म्हणतात, म्हणजे देशावरचं कर्ज कमी झालं ना?"

नाही. तूट म्हणजे एका वर्षात उत्पन्नापेक्षा जास्त झालेला, कर्ज काढून भागवलेला खर्च. कर्ज म्हणजे आजवर साचलेली, न फेडलेली सगळी बाकी. म्हणूनच तुटीचा आकडा अमुक वर्षाचा असतो आणि कर्जाचा अमुक तारखेचा. बातमी वाचताना आधी हेच बघावं.

समजा, कर्ज १,००० कोटी आहे. पहिल्या वर्षी तूट १०० कोटी, म्हणजे कर्ज झालं १,१००. दुसऱ्या वर्षी तूट ८० वर आली. ती चांगली वीस टक्क्यांनी घटली, तरी कर्ज १,१८० वर गेलं. ते उतरायचं तर तूट नुसती घटून भागत नाही, शिल्लक पडावी लागते.

याच्या उलट, कर्ज वाढलं की दिवाळं निघालंच, असंही सांगितलं जातं. तेही चूक. त्याच दुसऱ्या वर्षात जीडीपी २,२०० वरून २,४२० कोटींवर गेला असेल, तर कर्जाचं प्रमाण ५० टक्क्यांवरून ४९ च्याही खाली येतं. मात्र कर्ज परकीय चलनात असेल, तर आपलं चलन घसरताच नवा पैसा न उचलताही कर्जाचा आकडा फुगतो आणि ती वाढ तुटीत दिसत नाही.