एजंटच्या गल्ल्यात रोकड किती?

केनियात पैशाला ‘पेसा’ म्हणतात. व्यापाऱ्यांबरोबर समुद्र ओलांडून गेलेला आपलाच पैसा स्वाहिली भाषेत रुळला, असं मानलं जातं. त्यामुळे तिथल्या ‘एम-पेसा’चा अर्थ मराठी माणसाला वेगळा सांगावा लागत नाही: मोबाइलमधला पैसा.

या योजनेचा जन्म गमतीशीर आहे. २००५ साली चाचणी सुरू झाली ती बचतगटासारख्या छोट्या कर्जांचे हप्ते मोबाइलवरून भरता यावेत म्हणून. पण लोकांनी हप्ते बाजूला ठेवून एकमेकांनाच पैसे पाठवायला सुरुवात केली. सेवा चालवणाऱ्या सफारीकॉम या मोबाइल कंपनीने ते ओळखलं आणि मार्च २००७ मध्ये ‘घरी पैसे पाठवा’ एवढंच सांगत सेवा बाजारात आणली. मुंबईच्या मनीऑर्डरवर चूल पेटणाऱ्या जुन्या कोकणाला हे लगेच समजेल. मुलगा नैरोबीत पहारेकरी, आई गावाकडे. मधे बँक नव्हती. बसच्या ड्रायव्हरकडे पाकीट द्यायचं आणि ते पोहोचेल अशी आशा धरायची.

आता काय होतं ते नीट पाहू. मुलगा टपरीवरच्या एजंटला नोटा देतो. एजंट स्वतःच्या मोबाइल खात्यातून तेवढेच आकडे मुलाच्या खात्यात टाकतो. या आकड्यांना धंद्यात ‘फ्लोट’ म्हणतात, आणि त्यातल्या प्रत्येक शिलिंगामागे एक खरा शिलिंग बँकेतल्या विश्वस्त खात्यात पडून असतो. मुलगा आईला आकडे पाठवतो. आई गावातल्या एजंटकडे ओळखपत्र दाखवते, साध्या बटणांच्या फोनवर पिन दाबते, वहीत सही करते. एजंटच्या फोनवर आकडे जमा होतात आणि गल्ल्यातून नोटा बाहेर येतात. म्हणजे नोटा गावाला जातच नाहीत. त्या गावात आधीच असाव्या लागतात.

ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय.

याने गरिबाचं भलं झालं का? विल्यम जॅक आणि तवनीत सुरी या अर्थतज्ज्ञांनी केनियातली हजारो कुटुंबं वर्षानुवर्षं तपासली. घरावर संकट आलं, म्हणजे आजारपण, पीक बुडणं, नोकरी जाणं, तर एम-पेसा न वापरणाऱ्यांचा खर्च सुमारे ७ टक्क्यांनी खाली येत होता. ताटातलं कमी होत होतं, असं समजा. वापरणाऱ्यांच्या घरात अशी घट जवळपास दिसली नाही. कारण सरळ आहे: संकटात दूरच्या आणि जास्त माणसांकडून थोडे थोडे पैसे लगेच येऊ शकत होते. मामाला दुष्काळाची झळ बसली, तरी पाऊस पडलेल्या जिल्ह्यातला भाचा त्याच दिवशी मदत करू शकत होता. मला या सेवेचा सगळ्यात खरा फायदा हाच वाटतो.

याच दोघांनी २०१६ साली आणखी मोठा दावा केला: एम-पेसामुळे सुमारे १ लाख ९४ हजार कुटुंबं दारिद्र्यातून वर आली. त्यावर मिल्फर्ड बेटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला की, या हिशेबात वाढलेलं कर्ज आणि बुडालेले छोटे धंदे धरलेलेच नाहीत. आक्षेप मला रास्त वाटतो. ७ टक्क्यांच्या निष्कर्षाला मात्र त्याने फारसा धक्का लागत नाही.

आता त्या नोटांकडे. शहरात लोक पैसे भरतात, गावात काढतात. त्यामुळे शहरातल्या एजंटचा फ्लोट संपतो आणि गावातल्याची रोकड. गावचा एजंट मग टपरी बंद करून बँकेच्या गावाला जातो, नोटा भरून आणतो. प्रवासाचा खर्च आणि वाटेतल्या चोरीची भीती त्याचीच. आपल्याकडे बँकमित्रासमोर रांगेत उभं राहून ‘कॅश संपली, उद्या या’ ऐकलेल्यांना हे चित्र परकं वाटणार नाही.

त्याची किंमत आईला कशी पडते ते पाहा. अलीकडच्या दरपत्रकानुसार १५०० शिलिंग काढायला २९ शिलिंग लागतात. पण एजंटकडे आज ८०० च आहेत. ती आज ८०० काढते, उरलेले ७०० दोन दिवसांनी. दोन्ही वेळा २९ शिलिंग, एकूण ५८. मुलाने पाठवताना भरलेले २३ वेगळेच. ती कागदोपत्री वित्तव्यवस्थेत ‘समाविष्ट’ आहे, आणि गल्ला रिकामा असल्यामुळे तिचं शुल्क दुप्पट झालं.

दरपत्रकाची रचनाही बघण्यासारखी आहे. १०१ पासून २५०० शिलिंगांपर्यंत काहीही काढा, शुल्क तेच २९. अडीच हजार काढणाऱ्याला ते एक टक्क्याच्या आसपास पडतं, दीडशे काढणाऱ्या बाईला १९ टक्के. एजंटचा वेळ आणि वहीतली नोंद रक्कम लहान म्हणून स्वस्त होत नाही, हेही खोटं नाही. पण रोजंदारीवर जगणारा माणूस पैसे नेमके लहान तुकड्यांतच काढतो.

दुसरा फास कर्जाचा. नोव्हेंबर २०१२ मध्ये ‘एम-श्वारी’ आलं: फोनवरूनच कर्ज, तारण नाही, कागद नाही. तुमच्या फोनच्या आणि व्यवहारांच्या नोंदी पाहून यंत्रणा मर्यादा ठरवते. सुरुवातीला मुदत ३० दिवस, शुल्क साडेसात टक्के होतं. हजार घेतले तर १०७५ द्यायचे. खेड्यातल्या हिशेबात सांगायचं तर महिना शेकडा साडेसात, आणि चार दिवसांत फेडलं तरी शुल्क तेवढंच. मागोमाग अशी कर्ज देणारी ढीगभर ॲप आली. थकबाकीदाराचं नाव पतनोंदणी संस्थेकडे जाई, आणि २०२० पर्यंत हजार शिलिंगांहून कमी रकमेसाठीही जाई. एकदा नाव गेलं की बँकेचं दार पुन्हा बंद. आधी बँकेला हा माणूस माहीतच नव्हता. आता माहीत होता, पण काळ्या यादीतला म्हणून. नोव्हेंबर २०२२ मध्ये केनियाच्या मध्यवर्ती बँकेने अशा मोबाइल कर्जदारांसाठी निम्मी थकबाकी माफ करण्याची योजना आणली, तेव्हा त्यांची संख्या सुमारे ४२ लाख निघाली.

आकडेवारीतही हा दुभंग दिसतो. केनियातल्या राष्ट्रीय पाहणीनुसार औपचारिक वित्तसेवा वापरणारे प्रौढ २००६ साली सुमारे २७ टक्के होते, २०२१ साली सुमारे ८४ टक्के. त्याच पाहणीत आणखी एक मोजमाप असतं: रोजचा खर्च भागतो का, संकट झेपतं का, पुढची काही तजवीज आहे का. या कसोटीला उतरणारे २०१६ साली सुमारे ३९ टक्के होते, २०२१ साली १७. यात कोरोना आहे, महागाई आहे. सगळं खापर मोबाइलवर फोडता येणार नाही. पण खातं असणं आणि निभावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं तरी दिसतं.

मार्च २०२० मध्ये, साथीत नोटांची हाताळणी कमी व्हावी म्हणून, हजार शिलिंगांपर्यंत पाठवणं फुकट केलं गेलं. लहान रकमांचे व्यवहार झपाट्याने वाढले. म्हणजे लोकांना फोनवरून पैसे पाठवणं अवघड जात नव्हतं, शुल्कच अडवत होतं. २०२१ उजाडताच सवलत संपली, फक्त शंभरपर्यंतची शिल्लक राहिली. आज मुलगा आईला १०० शिलिंग फुकट पाठवू शकतो. ते हातात घ्यायला तिला ११ शिलिंग पडतात.