तो, ती, ते आणि इंग्रजीतलं ‘द’: आर्टिकलांची पार्श्वभूमी

नागपुरात मराठी माध्यमातून शिकलेल्यांच्या इंग्रजी अर्जांत, निमंत्रणांत आर्टिकलची चूक बहुधा दोन तऱ्हांची असते. एक तर ते गाळलं जातं, नाहीतर ‘ए’ आणि ‘अ‍ॅन’ची अदलाबदल होते. दोन्ही चुकांचं मूळ या शब्दांच्या इतिहासात सापडतं, आणि तो इतिहास आपल्याला परका नाही.

हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना मराठीसारखीच तीन लिंगं होती. ‘तो, ती, ते’ यांच्या जागी ‘से, सेओ, थॅट’ असे शब्द होते. पुढे लिंगभेद आणि विभक्तीचे प्रत्यय गळून पडले, आणि या साऱ्यांच्या जागी ‘द’ हे एकच रूप उरलं. नपुंसकलिंगी ‘थॅट’ तेवढा वेगळा टिकला; आजचा ‘दॅट’ तोच. ‘एक’साठीचा शब्द होता ‘आन’. जोर देऊन उच्चारला जायचा तिथे त्याचा पुढे ‘वन’ झाला, आणि नामाआधी घाईत म्हटला जायचा तिथे ‘अ‍ॅन’.

सुमारे 1150 नंतर व्यंजनाआधीचा हा ‘न’ गळू लागला आणि ‘ए’ तयार झाला. म्हणजे अ‍ॅन हे मूळ आणि ए हे त्याचं झिजलेलं रूप. शाळेत आपण हे उलट शिकतो, स्वर आला की ए ला न जोडायचा असं. गळती एका दिवसात झाली नाही. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘अ‍ॅन हंड्रेड’ छापलेलं आहे, आणि अठराव्या शतकातले चांगले लेखकही ‘अ‍ॅन युनिव्हर्सिटी’ लिहीत. नंतर मात्र लेखन उच्चाराच्या मागे गेलं.

या घालमेलीत काही शब्दांचीच मोडतोड झाली. जामठ्याच्या मैदानावर उभा असतो तो अंपायर मुळात ‘नूंपेर’ होता. हा फ्रेंचमधून आलेला शब्द. अर्थ, दोघांपैकी कुणाच्याही जोडीचा नसलेला, त्रयस्थ. ‘ए नूंपेर’ म्हणता म्हणता न आधीच्या शब्दाला चिकटला आणि ‘अ‍ॅन अंपायर’ झालं. ऑरेंजचंही असंच झालं असं सांगतात, पण ते बरोबर नाही. आपल्या नारिंगाचा न इंग्लंडला पोहोचण्याआधीच युरोपात वाटेत गळला होता.

नियम उच्चाराचा आहे, म्हणून देवनागरी इथे फार कामाची. शब्द देवनागरीत लिहून पाहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर अ‍ॅन, व्यंजन असेल तर ए. अवर, ऑनेस्ट, एमएलए या सगळ्यांना अ‍ॅन. युनिव्हर्सिटी, युरोपियन, वन-वे रोड यांना ए. फसगत होते ती आपला उच्चार सैल असेल तिथे. ‘यीअर’ला आपण ‘इयर’ म्हणतो आणि मग ‘अ‍ॅन इयर’ लिहून मोकळे होतो. खरा उच्चार य पासून सुरू होतो, म्हणून ए यीअर.

आता गाळलेल्या आर्टिकलकडे वळू. ‘एक राजा होता, त्या राजाला दोन राण्या होत्या’ असं सांगताना आपण ए आणि द चंच काम करतो. ओळखीची आणि बिनओळखीची गोष्ट वेगळी ठेवायला आपल्याकडे ‘ला’ हा प्रत्ययही आहे. ‘मी मुलगी शोधतोय’ म्हटलं की लग्नाची बोलणी आठवतात. ‘मी मुलीला शोधतोय’ म्हटलं की कोणाची तरी मुलगी हरवलेली असते. फरक इतकाच की मराठीत हे गरजेपुरतं करतात, इंग्रजीत मात्र एकवचनी मोजण्याजोग्या नामाला ते जवळजवळ सक्तीचं झालं. ‘माझा भाऊ डॉक्टर आहे’ यात एक लागत नाही, पण इंग्रजीत ‘इज ए डॉक्टर’ म्हणावंच लागतं.

एक उदाहरण नीट पाहू. ‘सीताबर्डीत एका दुकानातून पुस्तक घेतलं. पुस्तकात दोन पानं कोरी निघाली. मालकानं बदलून दिलं.’ दुकान आणि पुस्तक पहिल्यांदा आले, ऐकणाऱ्याला माहीत नाहीत, म्हणून ‘ए शॉप’, ‘ए बुक’. दुसऱ्या वाक्यातलं पुस्तक तेच आहे. मराठीत ‘त्या पुस्तकात’ म्हणता येतं, म्हणून ‘द बुक’. इथवर ‘तो-ती-ते’ची कसोटी पुरते. तिसऱ्या वाक्यात ती सुटते. मालकाचा उल्लेख आधी आलेलाच नाही, मराठीत ‘त्या मालकानं’ म्हटलं तर खटकेल, तरी इंग्रजीत ‘द ओनर’च हवं. दुकान म्हटलं की मालक आलाच, तो कोणता हे ऐकणाऱ्याला कळतं. ‘द’ जुन्या ‘तो’पासून दूर गेला तो नेमका इथे: बोट दाखवायची गरज संपली, ऐकणाऱ्याला गोष्ट ओळखता आली की पुरे. म्हणून गाळलेलं ‘द’ शोधताना ‘त्या’ घालून पाहावं, आणि ते बसलं नाही तर एवढंच विचारावं की समोरच्याला कोणता ते कळलं का.