विषाणूजन्य घसादुखी, प्रतिजैविके आणि घशाचा स्वॅब

घसादुखी म्हणजे घशाच्या मागच्या भिंतीला किंवा टॉन्सिलला आलेली सूज. तिच्यामुळे गिळताना दुखते, घसा खवखवतो, कधी तापही येतो. मोठ्या माणसांत बहुतेक वेळा आणि मुलांतही बऱ्याचदा तिचे कारण सर्दीचे किंवा फ्लूचे विषाणू असतात. या दुखण्यावर प्रतिजैविकांचा, म्हणजे अँटिबायोटिकचा, काहीही उपयोग होत नाही. जीवाणूंमुळे होणाऱ्या घसादुखीत महत्त्वाचा जीवाणू एकच, तो म्हणजे अ गटाचा स्ट्रेप्टोकॉकस. घसा दुखणाऱ्या शंभर मुलांपैकी साधारण वीस-तीस मुलांत आणि शंभर मोठ्या माणसांपैकी पाच ते पंधरा जणांत तो सापडतो. घशाचा स्वॅब घ्यायचा तो हा जीवाणू ओळखण्यासाठी.

खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांत, थंडी सुरू झाली की ‘गया दुखस’ ही तक्रार दवाखान्यात येण्याआधी मेडिकलच्या काउंटरवर पोहोचते आणि तिथून ॲझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्यांची पट्टी घेऊन माणूस घरी जातो. हे औषध कायद्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायचे आहे. याच दिवसांत कापसाच्या जिनिंगमधली धूळ आणि नंदुरबारच्या मिरचीच्या पथारींवरचा तिखट धुरळा यांनीही घसा धरतो. त्या घशात विषाणूही नसतो आणि जीवाणूही नसतो. ताप नाही, गाठी नाहीत आणि कामावरून सुट्टी घेतली की बरे वाटते, अशी त्याची ओळख असते. त्याला गोळी नको, नाकातोंडावर फडके हवे.

प्रतिजैविक विषाणूवर का चालत नाही

प्रतिजैविक हे ‘जंतू मारणारे’ सरसकट औषध नाही. जीवाणूच्या शरीरातल्या एखाद्या ठरावीक भागावर ते काम करते. पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन जीवाणूची पेशीभित्तिका बांधणारे विकर बंद पाडतात. भित्तिका कच्ची राहते आणि वाढता जीवाणू फुटतो. ॲझिथ्रोमायसिन जीवाणूच्या रायबोसोमला चिकटते. रायबोसोम ही प्रथिने तयार करण्याची जागा, त्यामुळे जीवाणूची वाढ थांबते. आपल्या पेशींना पेशीभित्तिका नसते आणि आपले रायबोसोम वेगळ्या घडणीचे असतात, म्हणून ही औषधे रोग्याला न मारता जीवाणूला मारू शकतात.

विषाणूजवळ यातले काहीच नसते. तो म्हणजे प्रथिनांच्या कवचात ठेवलेले जनुकीय द्रव्य, काहींवर स्निग्ध आवरण, एवढेच. त्याला पेशीभित्तिका नाही आणि स्वतःचे रायबोसोमही नाहीत. तो घशाच्या पेशीत शिरतो आणि आपल्याच रायबोसोमकडून स्वतःची प्रथिने करून घेतो. पेनिसिलिनला त्याच्यात धरायला जागाच नाही. गोळी पाचशेची घेतली किंवा दुप्पट घेतली, पट्टी महागातली आणली किंवा गोळीऐवजी सुई टोचली, तरी ही अडचण जशीच्या तशी राहते.

मग ‘त्या तीन गोळ्यांनी लगेच बरे वाटले’ असे इतके लोक मनापासून का सांगतात? त्यांचा अनुभव खरा असतो, कारण मात्र वेगळे असते. माणूस औषध घ्यायला जातो तो सर्वांत जास्त दुखत असते त्या दिवशी, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. विषाणूजन्य घसादुखी तिथून आपोआपच उतरू लागते आणि बहुतेकांची आठवड्याच्या आत जाते. गोळ्यांचे तीन दिवस नेमके त्याच उताराचे असतात. पॅरासिटामॉल, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि भरपूर पाणी यांनी तेच दिवस सुसह्य होतात. एक वर्षावरच्या मुलाला मध चालतो. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.

विनाकारण घेतलेले प्रतिजैविक निरुपद्रवीही नसते. जुलाब होतात, अंगावर पुरळ उठते, आणि आतड्यातले व घशातले नेहमीचे जीवाणू त्या औषधाला सरावतात. एक फसवणूक तर डॉक्टरांनाही चकवते. एपस्टीन-बार विषाणूच्या आजारात टॉन्सिलवर पांढरा थर येतो, गळ्याला मोठ्या गाठी येतात आणि सगळे चित्र जीवाणूसारखे दिसते. अशा तरुणाला अमॉक्सिसिलिन दिले की अनेकदा अंगभर पुरळ येते आणि ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ अशी चुकीची नोंद त्याच्या कागदांवर जन्मभर राहते. म्हणजे पांढरे ठिपके दिसले की जीवाणूच, हा समज खरा नाही.

कोणत्या घशाचा स्वॅब घ्यावा

अ गटाच्या स्ट्रेप्टोकॉकसचा घसाही बहुधा स्वतःहून बरा होतो. औषधाने दुखणे जेमतेम एखाद्या दिवसाने कमी होते. तरीही त्याला शोधून मारायचे, कारण काही मुलांत दोन-तीन आठवड्यांनी संधिवाताचा ताप येतो. एकामागून एक सांधे सुजतात, आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना हा धोका सर्वाधिक असतो. आपल्या देशातून हा आजार गेलेला नाही, म्हणून शाळकरी मुलाच्या घशाकडे मोठ्या माणसाच्या घशापेक्षा जास्त बारकाईने पाहावे लागते.

निवड करण्यासाठी डॉक्टर एक सोपी गुणपद्धत वापरतात. रॉबर्ट सेंटर यांनी ती 1981 मध्ये मोठ्या माणसांसाठी मांडली, पुढे मॅकआयझॅक यांनी तिच्यात वयाची भर घातली. 38 अंश सेल्सिअस म्हणजे 100.4 फॅरनहाइटच्या वर ताप, खोकला नसणे, गळ्याच्या पुढच्या बाजूला दुखऱ्या गाठी, आणि टॉन्सिल सुजलेले किंवा त्यांवर पू, यांना प्रत्येकी एक गुण. वय 3 ते 14 असेल तर एक गुण वाढतो, 45 किंवा अधिक असेल तर एक कमी होतो.

समजा, चोपडा तालुक्यातल्या एका घरात डिसेंबरमध्ये बाप आणि लेक दोघांचेही घसे एकाच आठवड्यात धरले. बाप 46 वर्षांचा. नाक वाहते, खोकला आहे, आवाज बसला आहे, ताप 99.5, गाठी नाहीत, टॉन्सिल नुसते लालसर. त्याचा एकही गुण जमत नाही आणि वयाचा एक जातो, म्हणजे उणे एक. वाहते नाक आणि बसलेला आवाज या खुणाही विषाणूच्याच. त्याचा स्वॅब घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

लेक नऊ वर्षांची. काल दुपारी अचानक 102 ताप आला, गिळवत नाही, पोटात दुखते, पण सर्दी-खोकला नाही. जबड्याखालच्या गाठी दाबल्या की ती कळवळते. टॉन्सिल लाल आहेत, पण सूज नाही आणि पूही नाही. तापाचा एक, खोकला नसल्याचा एक, गाठींचा एक आणि वयाचा एक, असे चार गुण झाले. मात्र चार गुणांतही स्ट्रेप्टोकॉकस सापडण्याची शक्यता साधारण निम्मीच असते. नुसत्या अंदाजाने औषध दिले तर अशा दोनपैकी एका मुलाला ते उगाच मिळते, आणि नुसते थांबले तर दुसऱ्याचा धोका राहतो. स्वॅबची खरी गरज इथे आहे. एक किंवा त्याहून कमी गुण असतील तर तपासणी नको. दोन-तीन गुण असतील तर, विशेषतः शाळकरी वयात, करावी. घरात कुणाला संधिवाताचा ताप येऊन गेला असेल तर कमी गुणांवरही करावी. तीन वर्षांखालच्या मुलांत हा आजार क्वचितच दिसतो, म्हणून त्यांचा स्वॅब सहसा घेत नाहीत.

स्वॅब घेणे आणि अहवाल वाचणे

जीभ चमच्याने खाली दाबून, कापसाचा बोळा दोन्ही टॉन्सिलवरून आणि घशाच्या मागच्या भिंतीवरून दाबून फिरवावा लागतो. मुलाला ओकारी येते, आणि यायलाच हवी. जिभेला किंवा गालाला पुसून आणलेला बोळा खोटा निर्धास्तपणा देतो. आधी एक-दोन प्रतिजैविक गोळ्या पोटात गेल्या असतील तरीही जीवाणू उगवत नाही. उरलेली पट्टी मुलीला दिली असेल, तर आईने ते सांगणे अहवालाइतकेच महत्त्वाचे आहे.

झटपट प्रतिजन चाचणीचा निकाल दहा मिनिटांत मिळतो. ती सकारात्मक आली तर बहुतांशी खरी असते. नकारात्मक आली तरी काहींच्या घशात जीवाणू असतोच, म्हणून मुलांत नकारात्मक निकालानंतर कल्चर करावे. कल्चरमध्ये रक्त मिसळलेल्या माध्यमावर जीवाणू वाढवतात. अ गटाच्या वसाहतीभोवती रक्तपेशी फुटून स्वच्छ कडे दिसते. याला एक ते दोन दिवस लागतात. ही वाट पाहणे धोक्याचे नाही, कारण दुखणे सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झाले तरी संधिवाताचा ताप टळतो.

अहवालात क्लेब्सिएला किंवा स्टॅफिलोकॉकस असे नाव आणि खाली औषधांची लांबलचक यादी आली की घरचे घाबरतात. हे जीवाणू घशात नुसते वस्तीला असतात. साध्या घसादुखीत त्यांच्यावर औषध द्यायचे नसते. काही निरोगी मुलांच्या घशात स्ट्रेप्टोकॉकससुद्धा मुक्कामाला असतो, म्हणून लक्षणे नसलेल्या भावंडांचा किंवा बऱ्या झालेल्या मुलाचा स्वॅब सहसा घेऊ नये. रक्तातली एएसओ तपासणी, म्हणजे स्ट्रेप्टोकॉकसविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांचे मोजमाप, घसादुखीच्या निदानाला चालत नाही. ती प्रतिपिंडे आठवड्याने वाढू लागतात आणि नुसता मागे होऊन गेलेला संसर्ग सांगतात. संधिवाताच्या तापाचा संशय आला तर मात्र ती कामाची आहे.

निकाल सकारात्मक आला तर पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन दहा दिवस द्यायचे, चौथ्या दिवशी मूल खेळू लागले तरीही. पेनिसिलिनला न जुमानणारा अ गटाचा स्ट्रेप्टोकॉकस रोग्यांत अजून आढळलेला नाही. ॲझिथ्रोमायसिनला जुमानत नाहीत असे मात्र आहेत, म्हणून ते पेनिसिलिन न चालणाऱ्यांसाठी राखून ठेवायचे.

तोंड उघडेनासे होणे, लाळ गिळता न येणे, श्वास घेताना आवाज येणे, एकाच बाजूला मोठी सूज, किंवा टॉन्सिलवर करडा, खरवडला की रक्त येणारा पडदा दिसला तर गुण मोजत बसू नये. असा पडदा घटसर्पाचा असू शकतो. त्याला प्रतिविष लागते. रोग्याला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे.

सातपुड्यातल्या धडगाव-अक्कलकुवा भागातल्या पाड्यांवर हा हिशेब थोडा बदलतो. झटपट चाचणी हाताशी नाही, आणि अहवाल येईपर्यंत ऊसतोडीला निघालेले कुटुंब परत भेटेल याचा भरवसा नाही. तिथे चार गुणांच्या शाळकरी मुलाला, ॲलर्जीची चौकशी करून, बेंझाथिन पेनिसिलिनचे एकच इंजेक्शन स्नायूत देणे हा रास्त निर्णय ठरतो. 27 किलोखाली सहा लाख युनिट, त्याहून अधिक वजनाला बारा लाख. त्या एका सुईने दहा दिवसांच्या गोळ्यांचे काम होते. त्याच पाड्यावर नाक वाहणाऱ्या, खोकणाऱ्या मुलाला मात्र ही सुई देऊ नये.